खंडेनवमीचं ग्रीस

त्या वर्षी खंडेनवमीला अप्पांनी बाईंच्या स्कूटरच्या पट्ट्याला ग्रीस लावलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. माझ्या हातात चिंधी होती. 'इथं लावू नये' असं मला वाटलं होतं. मी बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायची हिंमत होईल की नाही, मला माहीत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातुरात जुन्या बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. लातूर जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी अप्पा 'नवा जिल्हा' असंच म्हणायचे. नव्या जिल्ह्यामुळं हापिसं आली, हापिसांबरोबर साहेब लोक आले आणि साहेब लोकांबरोबर स्कूटरी. अप्पांचं शिक्षण चौथी. पण इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि आतलं काय झिजलंय ते सांगायचे. ते चुकल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी नांदेडला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. दुकानात आलेल्या प्रत्येकाला अप्पा ते सांगायचे आणि मी कुठंतरी तोंड लपवायचो.

वैशाखात आई गेली. आमच्यात पुरतात. जमीन इतकी वाळली होती की पहारीनं खणतानाही ठिणग्या उडत होत्या, आणि खड्डा व्हायला दुपार झाली. त्या दिवसाचं मला तेवढंच नीट आठवतं, पहारीचा आवाज. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. पाऊस आला नाही तसंच, असं मला वाटायचं, आणि तसं वाटल्याचंही फारसं काही वाटत नव्हतं. मी नांदेडला परत गेलो, परीक्षा दिली, पास झालो.

अप्पांनी बोलणं सोडलं. म्हणजे मुद्दाम नाही. गिऱ्हाइकाला लागेल तेवढं बोलायचे. पहाटे उठून गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करायचे, त्याला पळीभरच पाणी घालायचे, कारण टँकर तीन दिवसाआड यायचा. मग दुकान. दसऱ्याच्या सुट्टीत मी घरी आलो त्या रात्री जेवताना ते फक्त 'मीठ' म्हणाले. मी मीठ दिलं.

आमच्या दुकानात खंडेनवमीची एक रीत होती. इतर ठिकाणी हत्यारं मांडून पूजा करतात, तशी अप्पाही पान्हे, हातोडे, पेचकस ओळीनं मांडायचे. पण त्याशिवाय वर्षभराच्या गिऱ्हाइकांपैकी ज्याला यायचं त्यानं गाडी घेऊन यायचं, आणि अप्पा त्या गाडीला फुकट तेल-ग्रीस करून द्यायचे. प्रत्येक फिरत्या जागेला. "वरसभर ती आपल्याला वढती, एक दिस आपण तिची सेवा करावी," असं त्यांचं म्हणणं. अप्पांचं झालं की आई हेडलाईटवर विभूतीचे तीन पट्टे ओढायची आणि वर हळदीकुंकू लावायची. ग्रीस अप्पांचं, विभूती आईची.

त्या वर्षी बारा-तेरा गाड्या आल्या. पाणी नव्हतं म्हणून धुणं बंद होतं, सगळं कोरड्या चिंध्यांनी पुसायचं. झेंडू बोराएवढाले होते. विभूती कोणी लावायची हा विषय कोणी काढला नाही. अप्पांनी आईचं नाव घेतलं नाही, विभूतीचा गोळाही बाहेर काढला नाही. त्यांनी फक्त ग्रीस लावलं, नेहमीपेक्षा जास्त. एकेका गाडीला अर्धा-अर्धा तास. दुपारपर्यंत ते हळूहळू बोलायला लागले. आधी गाडीशी, मग माझ्याशी.

"ह्या केबलीला कुणी तेल दाखवलंच न्हाई बघ," म्हणाले. मग, "आन तो बारका पान्हा दे." मग चक्क हसले. एका साहेबाच्या स्कूटरच्या डिकीत वाळकी भाकरी निघाली होती. "साहेब उपासाला गाडीत जेवतंय," म्हणाले.

पाच महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटी बाई आल्या. त्या शिक्षिका होत्या, रेणापूरच्या पुढं एका खेड्यात. लहानपणच्या तापानं त्यांचा उजवा पाय बारीक राहिला होता, पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी असायची. गिअरच्या स्कूटरला मागचा ब्रेक उजव्या पायानं दाबावा लागतो, त्यामुळं ती त्यांना चालवता येत नव्हती. मग ही नवी बिनगिअरची गाडी बाजारात आली. क्लच नाही, गिअर नाही, दोन्ही ब्रेक हातात, बटण दाबलं की सुरू. लातुरात तेव्हा अशा मोजक्याच गाड्या होत्या. बाईंनी ती घेतली आणि त्यांचं सगळं बदललं. आधी बसनं जायच्या. बस फाट्यावर अकराला सोडायची, पुढं तीन किलोमीटर चालायचं, आणि शाळा भरायची साडेदहाला. गावानं हापिसात कागद टाकला होता की आम्हाला धडधाकट मास्तर द्या. स्कूटर आल्यापासून त्या सव्वादहाला शाळेत असायच्या. पायाशी पाण्याचा कॅन ठेवून, कारण शाळेच्या हौदात काही नव्हतं.

"मिस्त्री, माझ्या गाडीला गिअर न्हाई, मग हिची सेवा करताव का न्हाई?" बाईंनी विचारलं.

"बाई, लेकरू मुकं आसलं म्हणून काय जेवू घालीत न्हाईत व्हय?"

बाई हसल्या. अप्पांनी गाडीच्या डाव्या बाजूचं लांबट झाकण खोललं. ते त्यांनी पहिल्यांदाच खोललं होतं. आत पुढं एक पुली, मागं एक पुली, आणि दोन्हींवर रुंद काळा रबरी पट्टा. सगळं कोरडं, वर बारीक काळी भुकटी.

"बघ," अप्पा मला म्हणाले, "कंपनीनं एक थेंब तेल घातलेलं न्हाई. कसं कोरडंठाक पडलंय. आन म्हणं नवी गाडी."

मी बघितलं. चार महिन्यांपूर्वी मी परीक्षेत सेंट्रीफ्यूगल क्लचची आकृती काढली होती. पेन्सिलनं, बाण दाखवून. दहापैकी नऊ मार्क होते. त्या आकृतीत 'घर्षण' हा शब्द मी दोन वेळा लिहिला होता. पट्टा पुलीला घर्षणानं धरतो. घर्षणाच्या जागी ग्रीस कसं चालेल? पण ती आकृती होती, आणि ही खरी गाडी होती, आणि समोर अप्पा होते. मला खात्री नव्हती. शिवाय अप्पा बोलत होते.

त्यांनी बोटावर ग्रीस घेतलं आणि पट्टा जिथं पुलीत बसतो तिथं दोन्ही बाजूंनी सावकाश भरलं, बाळाच्या तोंडाला साय लावावी तसं. मागच्या मोठ्या लोखंडी वाटीच्या कडेलाही लावलं. मी चिंधी दिली. झाकण बसवलं.

*

शुक्रवारी, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एक टेम्पो दुकानासमोर थांबला. त्यात स्कूटर आडवी होती, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बाई.

त्यांनी सांगितलं ते असं. रेणापूरपर्यंत गाडी गेली, पण नेहमीसारखी ओढत नव्हती. गावाआधीच्या चढाला इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र हळूहळू होत थांबली. जास्त पिळलं की जास्त ओरडायची, जागची हलायची नाही. जळक्या रबराचा वास. मग रस्त्यानं जाणारी माणसं जमली.

"एकानं सांगितलं, बंद करा, धक्का मारून चालू करू," बाई म्हणाल्या. "उतारावरनं चौघांनी ढकलली. मग सहा जणांनी. चाक फिरतंय, गाडी पळतीय, पण इंजिन काही घेईना. तेवढ्यात एक म्हातारा म्हणला, बाईमाणसाची गाडी हाय, गड्यांच्या हाती कशी चालू होईल."

अप्पा हसले नाहीत. "शाळा?" त्यांनी विचारलं.

"चुकली." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मिस्त्री, सोमवारी हापिसातले साहेब येणार हायेत. साडेदहाला मी वर्गात हाय का न्हाई ते बघायला. नसले तर मला हिथं हापिसात घेणार. पाकिटं चिकटवायला."

"दुसऱ्या कुणाच्या गाडीवर..." मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या मागं बसून गेले तर साहेब विचारतील, रोज कोण आणणार? त्यांना तेच तर बघायचंय."

अप्पा म्हणाले, "सोमवारी तुमी तुमच्या गाडीवर जाणार." बाई गेल्या. कुबडीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळपर्यंत अप्पा गाडीभोवती बसले होते. त्यांना क्लच घसरतोय एवढं कळत होतं. गिअरच्या गाडीत क्लच घसरला की आधी केबल बघायची, ती ओढलेली राहिली असेल तर ढिली करायची. ते केबल शोधत होते. हँडलपासून खाली, खालून वर, दोन वेळा.

"क्लचची केबल कुठंय हिला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नसते अप्पा."

"मग क्लच दाबतंय कोण?"

मला उत्तर माहीत होतं, तरी मी म्हणालो, "पुस्तकात बघतो." तेही खोटंच. पुस्तक नांदेडला खोलीवर होतं. मी सकाळच्या एसटीनं नांदेडला जातो, तिथं ह्या गाड्यांचा एक मिस्त्री आहे, पट्टाही तिथंच मिळेल, असं म्हणालो. अप्पांनी मान हलवली आणि पट्टा काढून माझ्या पिशवीत टाकला. जेवताना काही बोलले नाहीत. पहिल्यासारखं झालं होतं सगळं.

*

नांदेडचा तो मिस्त्री सरदारजी होता. आमच्या पॉलिटेक्निकच्या रस्त्यालाच त्याचं दुकान. सव्वा वर्ष मी त्यासमोरून जात होतो आणि कधी आत गेलो नव्हतो. काय विचारायचं, असं वाटायचं. त्या दिवशीही मी दोन वेळा पुढं जाऊन परत आलो.

"काय शोधायलास?" त्यानंच हाक मारली. जन्म नांदेडातलाच, आमच्यासारखंच मराठी.

मी पिशवीतून पट्टा काढला. त्यानं हातात घेतला, दोन बोटांत मुरगळला, बोटं नाकाला लावली.

"ह्याला ग्रीस कोणी चोपडलं?"

"गिऱ्हाइकानं," मी म्हणालो.

"गिऱ्हाइकाचा हात तिथवर जात नाही. मिस्त्रीचं काम हाय हे." मी खाली बघत होतो. तो माझ्याकडं बघत राहिला. "बाप?"

मी मान हलवली.

तो हसला नाही, त्यामुळं मला बरं वाटलं. त्यानं मला आत बोलावलं. स्टँडवर तशीच एक गाडी होती, झाकण काढलेली, मागचं चाक अधांतरी. त्यानं बटण दाबलं. इंजिन मंद चालायला लागलं.

"बघ. चाक फिरतंय?"

चाक उभं होतं. पट्टा मात्र पळत होता. पुढच्या पुलीत तो अगदी खोल, दांड्याजवळ बसला होता. मागच्या पुलीत वर, काठाशी.

"पुढं बारीक चक्कर, मागं मोठा चक्कर. हा तुझा पहिला गिअर. आता बघ." त्यानं हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर पिळला. मागची वाटी जागची हलली आणि चाकासकट फिरायला लागली. मग आणखी पिळला, आणि मला ते दिसलं, जे आकृतीत मला कधी दिसलं नव्हतं. पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या एकमेकींजवळ सरकत होत्या, आणि त्यांच्यामधला पट्टा दाबला जाऊन वर चढत होता. मागं त्याच वेळी तबकड्या फाकत होत्या आणि पट्टा आत बुडत होता. कोणी काही बदलत नव्हतं. खटका नाही, टप्पा नाही.

त्यानं गाडी बंद केली आणि बाकावरची सुटी पुली दाखवली. सरकत्या तबकडीच्या पाठीमागं उतरती घरं होती, प्रत्येक घरात एक जाड गोल वजन. "इंजिन जोरात फिरलं की हे बाहेर पळतात. जत्रेच्या गोल पाळण्यात बसल्यावर आपण बाहेर फेकले जातो ना, तसे. बाहेर पळायला ह्यांना चढ चढावा लागतो, म्हणून तबकडीला ढकलतात. तबकडी पट्ट्याला दाबती, पट्टा वर येतो. पट्ट्याची लांबी तर तेवढीच. म्हणून मागं तो आत जातो, मागची स्प्रिंग दाबून. गाडीला चढ लागला, इंजिन दमलं, की तीच स्प्रिंग मागच्या तबकड्या जवळ आणती, पट्टा परत वर. म्हणजे परत पहिला गिअर. तुझ्या-माझ्या हाताची गरज नाही."

"आणि क्लच?"

त्यानं मागच्या पुलीवरची वाटी काढून ठेवली. आत तीन जाड अर्धगोल शू होते, बारक्या स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले. "हे पट्ट्याच्या बाजूला. वाटी चाकाच्या बाजूला. मधे काही नाही. पुली जोरात फिरली की हे तीन बाहेर पसरतात आणि वाटीला आतनं धरतात. हळू झाली की सोडतात."

मला धक्का मारणारी सहा माणसं आठवली. "म्हणून ढकलून सुरू होत नाही," मी म्हणालो. "चाक फिरवलं तर फक्त वाटी फिरते. शू बसलेलेच राहतात."

"हां. गावभर ढकल. घराला जाशील, सुरू व्हायची नाही." मग त्यानं पट्टा परत उचलला. "ह्या सगळ्यात एकच गोष्ट काम करती. पकड. तबकडीची पट्ट्याला पकड, शूची वाटीला पकड. चाकाजवळच्या दातऱ्यांना तेल लागतं, त्यांची वेगळी बंद पेटी हाय. हिथं तेल म्हणजे जहर. ग्रीस उडून वाटीत पण गेलं आसंल. पेट्रोलनं धू. शू कागदानं घासून घे, चकाकी जाईपर्यंत. पट्टा नवा. हा फुगलाय."

मी नवा पट्टा घेऊन निघालो तेव्हा त्यानं हाक मारली. "बापाला सांग, नांदेडच्या मिस्त्रीनं पण पहिल्या गाडीला ग्रीसच लावलं होतं. आणि मला शिकवणारा कोणी नांदेडच्या कॉलेजात शिकत नव्हता."

लोह्याच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. अप्पांना काय सांगायचं ते मी ठरवत होतो. अहमदपूर येईपर्यंत ठरलं. पट्टाच खराब निघाला, असं सांगायचं. कंपनीचा माल.

*

"पट्टाच खराब निघाला," मी रविवारी सकाळी म्हणालो.

"आं." अप्पांनी जुना पट्टा हातात घेतला, फिरवला, ठेवून दिला. "कंपनीचं आसंच आसतंय."

बाकीचं मी म्हणालो तसं त्यांनी करू दिलं. पुल्या सोडवल्या, परातीत पेट्रोल घेऊन धुतल्या. हातांना पेट्रोल लागलं की आधी गार लागतं आणि मग काहीच लागत नाही. वाटीच्या आत ग्रीसचा पातळ थर होता, तोही पुसला. शू आरशासारखे चकचकीत झाले होते. मी ते पॉलिशपेपरनं घासले. अप्पांना वाटलं, मी जळल्या पट्ट्याची काजळी काढतोय. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. त्यांनी पुल्या बसवल्या. नट त्यांनीच आवळले, माझ्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. पट्टा बसवला.

आणि मग त्यांनी फळीवरून ग्रीसचा डबा घेतला, झाकण उघडलं आणि बोट आत घातलं.

मला कळायला हवं होतं. पट्टा खराब होता, तर ग्रीस चांगलंच होतं ना. माझ्या खोट्याचा दुसरा अर्थ काय होणार होता? बोटावर पिवळ्या ग्रीसचा गोळा होता आणि ते खाली वाकले होते.

"अप्पा, नका लावू."

"का रं?"

"तिथं नका लावू."

"नव्या पट्ट्याला न्हाई लावायचं, तर काय जुन्याला लावायचं?"

"पट्टा चांगला होता," मी म्हणालो. "ग्रीसनं घसरला."

अप्पा तसेच वाकलेले राहिले. बोट हवेत. मग मी सगळं सांगितलं. नीट सांगता येत नव्हतं. वजनं बाहेर पळतात, शू पसरतात, केबल म्हणूनच नाही, क्लच दाबणारा कोणी नाही, तो वेगानंच दाबला जातो, आणि पकड, पकड असं मी चार वेळा म्हणालो. त्यांनी मधे एकदा वाटीला हात लावून ती फिरवली. ती मोकळी फिरली. चाकही तिच्याबरोबर फिरलं आणि पट्टा जागचा हलला नाही. त्यांनी ते दोन वेळा करून बघितलं.

"म्हणून धक्क्यानं घेतली न्हाई," ते म्हणाले.

"हो."

"तुला हे नांदेडात कळलं?"

मी 'हो' म्हणू शकलो असतो.

"त्याच दिवशी वाटलं होतं," मी म्हणालो. "खंडेनवमीला. खात्री नव्हती."

"मग बोलला का न्हाईस?"

बाहेर टँकर आला होता, बायकांचे घागरींचे आवाज येत होते.

"तुम्ही बोलत होता," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. बोटावरचं ग्रीस त्यांनी डब्याच्या काठावर पुसून परत आत टाकलं, एवढंसंही वाया जाऊ दिलं नाही. मग चिंधीनं बोट पुसलं. मग परत पुसलं. नांदेडच्या मिस्त्रीनंही पहिल्या गाडीला ग्रीसच लावलं होतं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "लावलं आसंल." एवढंच.

संध्याकाळी बाई आल्या. मी पुढं झालो, पट्टा बदलला, असं काहीतरी सांगायला. अप्पा माझ्या मागून म्हणाले, "बाई, गाडीत कायबी दोष नव्हता. म्या नको तिथं ग्रीस लावलं. शुक्रवारची तुमची शाळा माझ्यामुळं चुकली."

बाईंनी गाडीकडं बघितलं. रागावल्या की काय, कळेना. मग म्हणाल्या, "मी पण तिथं उभी होते मिस्त्री. मला बरं वाटलं होतं. कुणीतरी एवढ्या मायेनं करतंय म्हणून."

"उद्या आमी मागं येताव," अप्पा म्हणाले. "चढापस्तोर. गाडी पकडत न्हाई आसं वाटलं तर मला तिथल्या तिथंच कळाया पायजे."

*

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. बाई पुढं, पायाशी पाण्याचा कॅन. मागं अप्पांची जुनी गिअरची स्कूटर, मी मागं बसलेलो. रेणापूरपर्यंत दोन्हीकडं रानं उघडी होती. कुठं तूर गुडघ्याएवढी येऊन थांबलेली.

चढाखाली अप्पांनी गाडी थांबवली आणि बंद केली. "तू बग," ते म्हणाले, "मी ऐकतो." त्यांनी डोळे मिटले.

बाई चढाला लागल्या. शुक्रवारी जिथं थांबल्या होत्या तिथं काठाला टायरच्या खुणा अजून होत्या. गाडी हळू झाली. मी स्कूटरवरून खाली उतरलो. मग ती तशीच, ना जोरात ना हळू, वर जात राहिली. कॅनचं पाणी हिंदकळताना दिसत होतं. मग वळणामागं गेली.

"आवाज चढंना," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "गिअरच्या गाडीला आवाज चढतो, पडतो, परत चढतो. हिचा आवाज हाय तिथंच हाय, आन गाडी चढलालीय." ते थोडा वेळ ऐकत राहिले, आवाज पार संपेपर्यंत. "धरलंय तिनं."

साहेब बारा वाजता आले, साडेदहाला नाही. बाई वर्गात होत्या. ते आम्हाला संध्याकाळी कळलं, कारण बाई परत जाताना दुकानासमोर थांबल्या आणि इंजिन बंद न करताच ओरडून सांगून गेल्या. चाक जागचं हललं नाही, इंजिन मंद चालू होतं. अप्पा त्या चाकाकडंच बघत होते.

मंगळवारी मला नांदेडला जायचं होतं. सोमवारी रात्री जेवताना अप्पांनी मीठ मागितलं नाही. ते म्हणाले, "ती वजनं किती असतात म्हणलास?"

"सहा," मी म्हणालो.

"आन शू?"

"तीन."

त्यांनी भाकरी मोडली. मग विभूतीचा गोळा कुठं ठेवलाय ते मला विचारलं. फडताळात, आईच्या डब्यात, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. उठले नाहीत. मीही उठलो नाही. पुढच्या खंडेनवमीला बाईंच्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, एवढं मात्र त्यांनी त्या रात्री ठरवलं, आणि मला दोन वेळा सांगितलं.